अपार्टमेंटचा मासिक खर्च क्षेत्रफळाच्या टक्केवारीने: हिशेब कसा मांडायचा आणि नोटीस कशी लिहायची

प्रश्न: पुण्यात आमची वीस सदनिकांची इमारत आहे. नोंदणी अपार्टमेंट म्हणून झालेली आहे, पण बोलताना सगळे सोसायटीच म्हणतात. ४८० चौरस फुटांचे आठ वन बीएचके, ७०० चे आठ टू बीएचके आणि १,०४० चे चार थ्री बीएचके आहेत. आजवर मेंटेनन्स सगळ्यांना सारखाच होता, दरमहा २,८९० रुपये. आता क्षेत्रफळाच्या टक्केवारीने आकारायचा आहे आणि सेक्रेटरी म्हणून नोटीस मला काढायची आहे. मोठ्या सदनिकांचे मालक म्हणतात, वॉचमन आणि लिफ्ट सगळे सारखेच वापरतात, मग आम्ही जास्त का द्यायचे? आकडे कसे काढायचे आणि नोटिशीत काय लिहायचे?

उत्तर:

कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी नोंदणीचा कागद काढा. तुमचा सगळा हिशेब त्या एका कागदावर उभा आहे. महाराष्ट्रात इमारतीच्या मालकांचे एकत्र येणे मुख्यतः दोन कायद्यांखाली होते. एक म्हणजे १९६० चा सहकारी संस्था कायदा. त्याखाली सहकारी गृहनिर्माण संस्था होते आणि जमीन व इमारत संस्थेच्या नावावर असते. दुसरा १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा. त्यात सदनिका मालकाच्या नावावर असते आणि जिने, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या, गच्ची, आवार यांत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा असतो. तो हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. बोलण्यात दोन्हीला सोसायटी म्हणतात आणि इथेच घोळ होतो.

सहकारी संस्थेत वॉचमन, सफाई, कॉमन वीज, कार्यालयीन खर्च हे सेवाशुल्कात येतात आणि सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते. लिफ्टचा खर्चही समान. पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर ठरते. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड बांधकामखर्चाच्या प्रमाणात घेतले जातात, म्हणून फक्त ते मोठ्या सदनिकेला जास्त येतात. अशा संस्थेने सगळा मेंटेनन्स चौरस फुटांवर लावला तर एखादा सभासद उपनिबंधकांकडे गेल्यावर तो टिकत नाही. तेव्हा खाली जे लिहिले आहे ते सहकारी संस्थेतल्या कोणी उचलू नये.

तुमची नोंदणी अपार्टमेंटची आहे, म्हणून तुम्हाला नेमका उलटा नियम लागू आहे. १९७० च्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे सामाईक खर्च प्रत्येक सदनिकेच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने आकारायचा असतो. पुण्यातल्याच एका मोठ्या गृहसंकुलाच्या प्रकरणात २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयानेही हेच सांगितले: अपार्टमेंट कायद्याखालच्या संकुलात मोठ्या सदनिकेला मोठा वाटा द्यावा लागतो. म्हणजे चूक असलीच तर ती आजवरच्या समान आकारणीत होती. नोटिशीचा सूर यावरूनच ठरवा. "बहुमताने ठरल्यामुळे आता मोठ्यांनी जास्त भरायचे आहे" असे लिहिले की पुढच्या सभेत बहुमत फिरवायची खटपट सुरू होते. "घोषणापत्रात नोंदलेल्या टक्केवारीप्रमाणे आकारणी करणे कायद्याने बंधनकारक आहे" असे लिहा, कारण वस्तुस्थिती तीच आहे. सभा खर्चाचे अंदाजपत्रक ठरवू शकते, पण वाटणीचे प्रमाण ठरवणे तिच्या हातात नाही.

टक्केवारी कुठून आणायची

ती तुम्ही काढायची नाही, वाचायची आहे. बिल्डरने इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणताना दुय्यम निबंधकांकडे डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे घोषणापत्र, नोंदवलेले असते. त्याच्या शेवटी परिशिष्टात सदनिका क्रमांक, मजला, क्षेत्रफळ आणि अविभक्त हिस्सा असा तक्ता असतो. तीच टक्केवारी प्रत्येकाच्या अपार्टमेंट डीडमध्येही लिहिलेली असते. कार्यालयात घोषणापत्राची प्रत नसेल तर कोणाच्याही अपार्टमेंट डीडच्या सुरुवातीच्या मजकुरात घोषणापत्राचा दस्त क्रमांक आणि वर्ष सापडेल. त्यावरून दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढता येते. ती हातात येईपर्यंत नोटीस काढू नका.

हे इतके आग्रहाने सांगण्याचे कारण असे की सेक्रेटरी सहसा सगळ्यांकडून खरेदीखतांच्या झेरॉक्स मागवतात आणि त्यांवरचे क्षेत्रफळ घेऊन स्वतः टक्के काढतात. त्या कागदांवर एकच माप नसते. जुन्या खतांत बिल्टअप किंवा सेलेबल क्षेत्र असते. पुनर्विक्री झालेल्या सदनिकेच्या खतात कार्पेट असते. रेराच्या व्याख्येतल्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि लागून असलेली उघडी गच्ची धरत नाहीत. एकाचे कार्पेट आणि शेजाऱ्याचे सेलेबल एकाच रकान्यात बसवले की सारख्याच दोन सदनिकांना वेगळी बिले जातात. हे ओळखणे सोपे आहे. एकावर एक असलेल्या, एकाच नकाशाच्या सदनिकांचे आकडे शेजारी ठेवा. ते जुळत नसतील तर मापांची सरमिसळ झाली आहे.

दुसरी एक गोष्ट लोकांना खटकते, ती आधीच माहीत असलेली बरी. कायद्याप्रमाणे टक्केवारीचा पाया सदनिकेचे मूल्य हा आहे. निव्वळ निवासी इमारतींत ती बहुधा क्षेत्रफळावरूनच काढलेली असते, म्हणून आपण क्षेत्रफळाची टक्केवारी म्हणतो. पण तळमजल्यावर दुकाने असतील किंवा एखाद्या सदनिकेला मोठी गच्ची जोडलेली असेल, तर तिथली टक्केवारी क्षेत्रफळाशी तंतोतंत जुळेलच असे नाही. असा फरक दिसला तरी घोषणापत्रातला आकडाच चालतो. तो बदलायचा तर सर्व मालकांची संमती आणि दुरुस्त घोषणापत्राची नोंदणी लागते. कोणी बाल्कनी बंद करून खोलीत घेतली म्हणून त्याचा टक्का वाढत नाही. शेजारच्या दोन सदनिका एकाने घेऊन मधली भिंत काढली, तर दोन्हींचे टक्के फक्त बेरजेने एकत्र येतात.

तक्ता मिळाला की सर्वांत आधी त्याची बेरीज करा. ती १०० यायला हवी, पण अनेकदा येत नाही. तुमच्या इमारतीचे एकूण क्षेत्र १३,६०० चौरस फूट आहे. त्यावरून वन बीएचकेचा हिस्सा ३.५२९४ टक्के, टू बीएचकेचा ५.१४७१ आणि थ्री बीएचकेचा ७.६४७१ येतो. हेच आकडे कोणी एकाच दशांश स्थळापर्यंत ठेवून पुढचे कापले, म्हणजे ३.५, ५.१ आणि ७.६ केले, तर वीस सदनिकांची बेरीज ९९.२ होते. ०.८ टक्के खर्च कोणाच्याच नावावर पडत नाही. महिन्याचा खर्च ५७,८०० असेल तर दरमहा ४६२ रुपये कमी जमतात आणि वर्षाला साधारण साडेपाच हजारांची तूट येते. ही तूट का आली ते शोधताना खजिनदार बिचारा सगळ्या पावत्या पुन्हा तपासत बसतो.

अशा वेळी प्रत्येक सदनिकेच्या टक्क्याला टक्क्यांच्या एकूण बेरजेने भागायचे. त्यामुळे आपापसातले प्रमाण तसेच राहते आणि खर्च पूर्ण वाटला जातो. पूर्णांक फक्त शेवटी, रुपयांना करायचा, टक्क्यांना नाही. एक्सेलमध्ये C रकान्यात वीस सदनिकांची टक्केवारी आणि F1 मध्ये महिन्याचा एकूण खर्च ठेवला तर सूत्र असे होते:

```
=ROUND($F$1*C2/SUM($C$2:$C$21),0)
```

C रकान्यात टक्क्यांऐवजी घोषणापत्रातले चौरस फूट टाकले तरी हेच सूत्र चालते. तुमच्या इमारतीत टक्केवारी क्षेत्रफळावरूनच काढलेली असेल तर दोन्ही रीतींनी उत्तर एकच यायला हवे आणि तो ताळा जरूर घ्या.

बेरजेतला फरक दशांशाच्या कापाकापीपेक्षा मोठा असेल, म्हणजे ती ९४ किंवा १०७ वगैरे येत असेल, तर कारण वेगळे असते. बिल्डरने पुढच्या टप्प्यातली इमारत गृहीत धरलेली असते, एखादे दुकान तक्त्यातून सुटलेले असते किंवा एकाच सदनिकेची दोनदा नोंद झालेली असते. त्यावर एक्सेलने इलाज होत नाही, वकिलाकडून दुरुस्त घोषणापत्रच करून घ्यावे लागते.

आणि भाजकात सर्व सदनिका हव्यात. कुलूपबंद सदनिका, परदेशी राहणाऱ्याची, बिल्डरकडे न विकता पडून असलेली, सगळ्यांचे टक्के बेरजेत धरायचे आणि त्यांच्या मालकांना बिले पाठवायची. राहणाऱ्यांपुरताच खर्च वाटला की उरलेल्यांचा भार राहणाऱ्यांवर जातो आणि त्याला कोणताही आधार नसतो. सामाईक सोयी वापरत नाही म्हणून खर्चातून सुटका मागण्याची मुभा हा कायदा कोणालाच देत नाही.

महिन्याचा खर्च

वर्षाचे अंदाजपत्रक करा आणि त्याला बाराने भागा. दर महिन्याचा प्रत्यक्ष खर्च वाटत बसलात तर एप्रिलमध्ये लिफ्टचे वार्षिक कंत्राट आले की बिल फुगेल, मेमध्ये टँकर आले की आणखी फुगेल आणि प्रत्येक महिन्याला नव्याने समजावत बसावे लागेल. तुमच्या आकाराच्या इमारतीचे उदाहरण घेऊ. वॉचमन वर्षाला २,८८,००० रुपये, सफाई ९६,०००, जिना, पंप आणि लिफ्टची वीज १,०८,०००, लिफ्टचे देखभाल कंत्राट ४२,०००, इमारतीचा विमा १८,०००, टाक्या धुणे आणि पंपदुरुस्ती ३६,०००, उन्हाळ्यातले टँकर ६०,०००, हिशेब आणि ऑडिट २४,०००, बाग व किरकोळ २१,६००. एकूण ६,९३,६०० रुपये, म्हणजे महिन्याला ५७,८००.

या रकमेला १३,६०० ने भागले की दर चौरस फुटाला ४ रुपये २५ पैसे येतात. वन बीएचकेला २,०४० रुपये, टू बीएचकेला २,९७५ आणि थ्री बीएचकेला ४,४२०. आठ गुणिले २,०४० म्हणजे १६,३२०, आठ गुणिले २,९७५ म्हणजे २३,८००, चार गुणिले ४,४२० म्हणजे १७,६८०. तिन्हींची बेरीज ५७,८००. ही बेरीज नोटिशीत छापाच. इमारत जास्त पैसे गोळा करत नाही, फक्त वाटणी बदलली आहे, हे त्या एका ओळीने दिसते. समान वाटणीच्या २,८९० शी तुलना केली तर वन बीएचकेचे ८५० रुपये कमी होतात, टू बीएचकेला ८५ रुपये वाढतात आणि थ्री बीएचकेला १,५३०. वाढीचा आकडा लपवू नका. लोक तो पाच मिनिटांत काढतातच, आणि आपण लपवल्याचे दिसले की बाकीच्या बरोबर आकड्यांवरचाही विश्वास जातो.

या गाठोड्यात काय टाकायचे नाही, हेही ठरवायला हवे. मिळकतकर पुणे महापालिका प्रत्येक सदनिकेला स्वतंत्रपणे पाठवत असेल तर तो इथे येत नाही. उशिरा भरल्याचे व्याज, एका सदनिकेच्या बाथरूममधून झालेल्या गळतीची दुरुस्ती, एखाद्याने केलेले नुकसान हे त्या त्या मालकाच्या खात्यावर जाते. हे सगळे मासिक खर्चात मिसळले तर एकाच्या गळतीचे ७.६५ टक्के दुसऱ्याच्या बिलात येतात. पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी, रंगकामासाठी निधी जमवत असाल तर त्याची वाटणीही याच टक्केवारीने करा, पण बिलात ओळ वेगळी ठेवा आणि बँक खातेही वेगळे. चालू खर्चात तूट आली की निधीतून उचलायचा मोह होतो आणि लिफ्टचा दोर बदलायची वेळ आली की खाते रिकामे निघते.

जीएसटीची काळजी तुमच्या उलाढालीला नाही. वर्षाची जमा २० लाखांच्या आत असेल तर तो विषयच येत नाही. मात्र मोठ्या संकुलात, जिथे जमा त्याहून जास्त आहे, टक्केवारीने आकारल्यावर एखाद्या मोठ्या सदनिकेचे मासिक बिल ७,५०० रुपयांच्या वर जाऊ शकते आणि तिला कर लागू होऊ शकतो. समान आकारणीत हा प्रश्न आलेला नसतो, म्हणून पद्धत बदलताना सीएला आधी विचारावे.

मोठ्या सदनिकांच्या मालकांना काय सांगायचे

त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. चौघांच्या कुटुंबाला वॉचमन एकच लागतो, सदनिका ४८० ची असो की १,०४० ची, हे खरेच आहे. "तुम्ही जास्त वापरता" असे उत्तर देऊ नका, कारण ते सिद्ध करता येत नाही, आणि मग तळमजल्यावरचे लोक लिफ्टचे पैसे का देतात असा पुढचा प्रश्न येतो. कायदा वापर मोजतच नाही. तो मालकी मोजतो. लिफ्ट, गच्ची, टाक्या आणि जमीन या मालमत्तेत थ्री बीएचकेचा हिस्सा ७.६५ टक्के आहे, म्हणून ती सांभाळण्याचा खर्चही तेवढाच.

हाच टक्का त्यांच्या बाजूनेही चालतो, आणि हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. गच्चीवर मोबाइल टॉवर बसवला आणि भाडे आले, तर सामाईक उत्पन्नाची वाटणी त्याच टक्केवारीने होते. वर्षाला ३ लाख आले तर वन बीएचकेच्या वाट्याला सुमारे १०,५८८ रुपये येतील आणि थ्री बीएचकेच्या वाट्याला सुमारे २२,९४१. उद्या पुनर्विकासाची बोलणी झाली तर जमिनीतला अविभक्त हिस्सा म्हणून हाच आकडा समोर येतो. खर्च समान हवा म्हणणाऱ्या मालकाने उत्पन्नही समान घ्यायची तयारी ठेवावी लागेल, आणि ती बहुधा कोणाची नसते.

मतदानाचेही तसेच आहे. १९७० च्या कायद्यात मालकांचे बहुमत म्हणजे घोषणापत्रातल्या टक्केवारीनुसार ५१ टक्के किंवा त्याहून अधिक मते. हात मोजून ठराव मंजूर करायची सवय सगळीकडे आहे, पण तुमच्या इमारतीत चार थ्री बीएचके मिळून ३०.५९ टक्के होतात आणि आठ वन बीएचके मिळून २८.२४. आठ हातांपेक्षा चार हातांचे वजन जास्त आहे. अंदाजपत्रक मंजूर करताना इतिवृत्तात हातांची संख्या न लिहिता बाजूने आणि विरोधात किती टक्के मते पडली ते लिहा. मोठ्या सदनिकांच्या मालकांना जास्त भरायला सांगायचे आणि मत मात्र एकेकच धरायचे, हे न्यायाचे नाही आणि नियमालाही धरून नाही.

मागच्या वर्षांचा फरक

इथे फार जपून. नवी आकारणी अमुक महिन्यापासून, एवढेच या नोटिशीत लिहा. मागच्या तीन-चार वर्षांचा फरक त्याच बिलात टाकला तर वन बीएचकेवाले परतावा मागतील, थ्री बीएचकेवाले भरायचे थांबतील आणि वॉचमनचा पगार अडकेल. मधल्या काळात विकल्या गेलेल्या सदनिकांचा प्रश्न तर आणखी गुंतागुंतीचा आहे. मागचा हिशेब हवा असेल तर तो वेगळा विषय म्हणून सभेपुढे आणा, वकिलाचा लेखी सल्ला घ्या, पण चालू महिन्याच्या बिलाशी त्याची गाठ मारू नका.

नोटिशीचा मसुदा

नोटीस एका पानात बसावी. कायद्याचे उतारे चिकटवू नका, एक उल्लेख पुरेसा आहे. प्रत्येक सदनिकेचा तक्ता मागे जोडा, म्हणजे कोणालाही आपला आणि शेजाऱ्याचा आकडा ताडून पाहता येईल. मसुदा असा:

> सूचना
>
> दिनांक: …
>
> सर्व सदनिकाधारकांस,
>
> विषय: सामाईक खर्चाची टक्केवारीनुसार आकारणी
>
> आपली इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खाली नोंदलेली आहे. या कायद्याच्या कलम १० प्रमाणे सामाईक खर्च प्रत्येक सदनिकेच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने आकारणे बंधनकारक आहे. ही टक्केवारी दस्त क्र. … / वर्ष … च्या नोंदणीकृत घोषणापत्रात दिलेली असून आपल्या अपार्टमेंट डीडमध्येही नमूद आहे.
>
> दि. … च्या सर्वसाधारण सभेने मंजूर केलेले वार्षिक अंदाजपत्रक ६,९३,६०० रुपयांचे आहे. त्यानुसार मासिक खर्च ५७,८०० रुपये होतो. दि. १ … पासूनची आकारणी पुढीलप्रमाणे:
>
> ४८० चौ. फूट (८ सदनिका): हिस्सा ३.५२९४ टक्के, दरमहा २,०४० रुपये, एकूण १६,३२०
> ७०० चौ. फूट (८ सदनिका): हिस्सा ५.१४७१ टक्के, दरमहा २,९७५ रुपये, एकूण २३,८००
> १,०४० चौ. फूट (४ सदनिका): हिस्सा ७.६४७१ टक्के, दरमहा ४,४२० रुपये, एकूण १७,६८०
> सर्व सदनिकांची मासिक बेरीज: ५७,८०० रुपये
>
> आतापर्यंत सर्वांना समान म्हणजे दरमहा २,८९० रुपये आकारले जात होते. एकूण जमा होणाऱ्या रकमेत कोणतीही वाढ झालेली नाही.
>
> बंद असलेल्या, भाड्याने दिलेल्या आणि विक्री न झालेल्या सदनिकांनाही हीच आकारणी लागू आहे. सामाईक मालमत्तेपासून मिळणारे उत्पन्न याच टक्केवारीने वाटले जाईल.
>
> वर्षअखेर प्रत्यक्ष खर्च अंदाजपत्रकापेक्षा कमी वा जास्त झाल्यास फरक याच टक्केवारीने पुढील वर्षाच्या बिलात वळता किंवा वसूल केला जाईल.
>
> आपल्या सदनिकेच्या टक्केवारीबाबत हरकत असल्यास अपार्टमेंट डीडच्या संबंधित पानाची प्रत जोडून दि. … पर्यंत लेखी कळवावे. घोषणापत्राची प्रमाणित प्रत कार्यालयात पाहण्यास उपलब्ध आहे. हरकतीचा निर्णय होईपर्यंत या सूचनेप्रमाणे रक्कम भरावी. फरक निघाल्यास तो पुढील बिलात वळता केला जाईल.
>
> सोबत: सदनिकानिहाय तक्ता, खर्चाचे अंदाजपत्रक
>
> सचिव

हरकतीसाठी पंधरा दिवस पुरतात. ज्या हरकती येतील त्यांतल्या बहुतेक "हे अन्यायकारक आहे" अशा असतील. त्यांना कलमाचा उल्लेख करून दोन ओळींचे लेखी उत्तर द्या. पण "माझ्या डीडमध्ये ५.०८ लिहिले आहे आणि तुमच्या तक्त्यात ५.१५ आहे" अशी हरकत आली तर ती गांभीर्याने घ्या. डीड टाइप करतानाची चूक असू शकते किंवा नोंदणीनंतर घोषणापत्रात बदल झालेला असू शकतो. दुय्यम निबंधकांकडे त्याच मिळकतीवर दुसरे, दुरुस्त घोषणापत्र नोंदलेले आहे का, ते शोधून पाहा. असेल तर सर्वांचे आकडे त्यावरून नव्याने काढावे लागतील, एकट्याचेच नाही, कारण एकाचा टक्का बदलला की बेरीजही बदलते.

नोटीस फलकावर लावा, मालकांच्या नोंदवलेल्या ईमेलवर पाठवा आणि भाडेकरू राहत असलेल्या सदनिकेची प्रत मालकाच्या पत्त्यावरही पाठवा. दारात भाडेकरूने घेतलेल्या कागदावर "मला कळवलेच नव्हते" असे म्हणत मालक सहा महिन्यांनी हजर होतो. बिलावरही टक्केवारीची ओळ कायम छापत राहा: सदनिका क्रमांक, हिस्सा, मासिक एकूण खर्च, आपला वाटा. पुढे सदनिका विकली जाईल तेव्हा नव्या मालकाला पहिल्याच बिलात त्याचा आकडा कुठून आला ते दिसेल.